झेनर बॅरिअर का आयसोलेटर : टाकी ८१ टक्क्यांवर अडकली तेव्हा

दोघं पॅनेलमधे रेलवर शेजारीशेजारी बसतात, निळं टर्मिनल दोघांनाही, आणि काम म्हणाल तर तेच की फील्डमधे ठिणगीने वाफ पेटेल इतकी एनर्जी जाऊच द्यायची नाही. म्हणून लोकं एकाच्या जागी दुसरा धरतात.

शिरपूरकडच्या एका डिस्टिलरीत इथेनॉलच्या टाकीची लेव्हल ८१ टक्क्यांच्या वर जाईचना, टाकीवर चढून डिप घेतला तर ९० भरलेली. ट्रान्समीटर बदलला तरी तेच. मग हॅन्डहेल्डने लूप टेस्ट घेतली, ४ बरोबर, १२ बरोबर, २० मिलीअ‍ॅम्प मागितले की १६.९ वर थांबला. म्हणजे ट्रान्समीटर चांगला होता, त्याला व्होल्टेजच पुरत नव्हतं.

बॅरिअरमधे फ्यूज, रेझिस्टर आणि झेनर असतात, झेनर लाइनपासून अर्थकडे, पण फ्यूज आणि रेझिस्टर लूपच्या सिरीजमधेच येतात. आपला २८ व्होल्टचा बॅरिअर, एकूण ३४० ओहम, पीएलसीचे २५०, केबलचे ३०, झाले ६२०. ट्रान्समीटरला कमीत कमी १०.५ व्होल्ट लागतात. सप्लाय २४ असता तर २० मिलीअ‍ॅम्प आरामात गेले असते, पण जुना एसएमपीएस लोडवर २१ वर आलेला, राहिले १०.५, भागिले ६२०, बरोबर १६.९ मिलीअ‍ॅम्प, म्हणजे ८१ टक्के. टाकी भरत राहते आणि स्क्रीन गप्प, ओव्हरफ्लो व्हायला अजून काय पाहिजे!

आमच्यातल्या एका भाऊने एसएमपीएसचा स्क्रू फिरवून थेट २८ केले. अशा बॅरिअरला साधारण २६ च्या वर झेनर कंडक्ट करायला लागतो, फ्यूज गेला, आणि तो फ्यूज बदलता येत नाही, अख्खा बॅरिअर फेकायचा.

शेवटी आयसोलेटर बसवला. तो स्वतः २४ व्होल्ट घेतो, आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून फील्डला वेगळा सप्लाय देतो, २० मिलीअ‍ॅम्पलाही १५ व्होल्ट मिळाले, केबलचे ०.६ गेले तरी भरपूर. पीएलसीचे २५० पलीकडच्या बाजूला राहतात. फक्त एक बघा, आउटपुट अ‍ॅक्टिव्ह असेल आणि पीएलसी कार्डही लूपला पॉवर देत असेल तर दोन सप्लाय समोरासमोर येतात, कार्डाकडची पॉवर काढायची.

अर्थिंगचाही फरक आहे. बॅरिअरला वेगळी आयएस अर्थ लागतेच, बॅरिअरच्या बसबारपासून सप्लायच्या मेन अर्थ पॉइंटपर्यंत १ ओहमच्या आत. मे महिन्यात अर्थ पिटमधे पाणी ओतून १ ओहम आणायची धडपड करतात ती वेगळी गोष्ट, पिटचा आकडा आणि हा आकडा एक नाही. चुकून मेन्स आत शिरला तर करंट झेनरमधून न्यूट्रलकडे परत गेला पाहिजे, ती वायर सैल असेल तर बॅरिअर नुसता नावाला. गॅल्व्हॅनिक आयसोलेटरला सुरक्षेसाठी ही अर्थ लागत नाही.

आयसोलेटर महाग आहे, पण जुन्या प्लांटमधे जिथं अर्थचा भरवसा नाही तिथं मी तोच घेतो. मात्र त्याच्यावरचेही व्होल्टेज, करंट, केबलची कपॅसिटन्स हे आकडे ट्रान्समीटरच्या सर्टिफिकेटशी जुळवूनच.