स्वाइप टंकलेखन व टॅप टंकलेखन

स्पर्शपडद्याच्या फोनवर मजकूर भरण्याच्या दोन पद्धती. टॅप पद्धतीत प्रत्येक अक्षराच्या कळीवर वेगळा स्पर्श होतो. स्वाइप पद्धतीत बोट न उचलता शब्दातील कळींवरून एकच रेघ ओढली जाते आणि बोट उचलले की पूर्ण शब्द उमटतो. दुसरीला ग्लाइड टायपिंग असेही म्हणतात.

उगमाबाबत मतभेद आहेत. कळींवरून बोट घसरवून लिहिण्याची कल्पना एडवर्ड माँटगोमेरी यांनी १९८२ मध्ये मांडली होती. पण तिच्यात रेघेवरून शब्द ओळखण्याचा भाग नव्हता, तर सोयीच्या मांडणीमुळे लागोपाठची अक्षरे एका ओढीत येत. १९९८ मधील क्विकरायटिंग आणि सिरिन या पद्धतींत लेखणी न उचलता लिहिता येई, मात्र त्यांची मांडणी नेहमीच्या कळफलकाची नव्हती. आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेतील शुमिन झाय आणि पेर ओला क्रिस्टेन्सन यांनी २००३ मध्ये ‘शार्क’ ही पद्धती प्रसिद्ध केली व पुढच्या वर्षी मोठा शब्दसंग्रह पेलणारी आवृत्ती दिली. जुन्या अंककळींच्या फोनवर शब्द ओळखणाऱ्या टी-नाइन पद्धतीचे एक जनक क्लिफ कुशलर आणि रँडी मार्सडेन यांचे ‘स्वाइप’ नावाचे उत्पादन याच सुमाराचे, बहुधा स्वतंत्रपणे घडलेले. लोकांत नाव रुजले ते कुशलर-मार्सडेन यांचे. तरी रेघेचा आकार हाच शब्दाचे चिन्ह मानण्याची, म्हणजे कळफलकावरच्या लघुलेखनाची, कल्पना शार्कमध्ये अधिक स्पष्ट दिसते. अँड्रॉइडच्या मूळ कळफलकात ही सोय २०१२ मध्ये आली, तर आयफोनच्या मूळ कळफलकात २०१९ मध्ये.

शार्कच्या दुसऱ्या आवृत्तीत ओळखण्याचे काम दोन अंगांनी होते. कोशातील प्रत्येक शब्दाची आदर्श रेघ, म्हणजे त्याच्या कळींचे मध्य जोडून होणारी आकृती, तयार धरली जाते. ओढलेल्या रेघेचा आकार तिच्याशी किती जुळतो आणि कळफलकावरची जागा किती जुळते, हे तपासून, आधीच्या शब्दांवरून येणारी शक्यताही मिळवली जाते. म्हणून रेघ वेडीवाकडी असली तरी लांब शब्द सहसा बरोबर येतो. त्याची आकृती इतरांपासून दूर असते. अडचण आखूड शब्दांची.

रोमन कळफलकावरून मराठी लिहिणाऱ्याला ती लगेच भेटते. वरच्या ओळीत t, y, u, i, o, p या कळी क्रमाने आहेत. ‘तूप’साठी t-u-p, ‘टीप’साठी t-i-p आणि ‘टोप’साठी t-o-p. तिन्हींत बोट t पासून p पर्यंत सरळ उजवीकडे जाते, मधला स्वर त्याच वाटेवर असतो. तूप toop असे लिहिले तरी रेघ तीच. उलट दिशेने पूर, पीर आणि पोर यांचीही हीच गत. हात कितीही स्थिर असला तरी येथे आकाराचा उपयोग नाही. निवड उरते ती संदर्भाची आणि वर दिसणाऱ्या पर्यायांच्या पट्टीची. टॅप पद्धतीत स्वर वेगळा दाबला जात असल्याने हा घोटाळा होत नाही. त/ट यांतला प्रश्न मात्र दोन्हीकडे राहतो, कारण तो लिप्यंतराचा आहे.

अचूकतेतला खरा भेद चुकीच्या जातीत आहे. टॅप करताना p ऐवजी शेजारचा o दाबला गेला तर tuo होते. ते कोशात नसल्याने दुरुस्त होते किंवा निदान डोळ्यांत खुपते. स्वाइपची चूक मात्र शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष असा दुसराच शब्द असतो. ‘वरणावर टोप घाल’ या वाक्याखाली लाल रेघ येत नाही. ते पाठवल्यावरच कळते.

वेगाचा हिशेब या दुरुस्तीवर ठरतो. टॅपने दुरुस्तीसह एका शब्दाला १.६ सेकंद लागतात आणि स्वाइपने दुरुस्ती न धरता १.२ सेकंद, असे केवळ उदाहरणादाखल धरू. दहांत एक शब्द चुकला व सुधारायला ३ सेकंद गेले, तर स्वाइपची सरासरी १.५ होते आणि ती थोडी पुढे राहते. पाचांत एक चुकला की सरासरी १.८ होऊन ती मागे पडते. शब्दानंतरची मोकळी जागा स्वाइपमध्ये आपोआप पडते, हा तिचा छोटा पण सततचा लाभ. एका हाताने, एकाच अंगठ्याने लिहिणाऱ्याला ती सर्वांत जास्त फळते. दोन अंगठ्यांच्या टॅपमध्ये एक अंगठा दाबत असताना दुसरा पुढच्या कळीकडे निघालेला असतो, त्यामुळे तेथे अंतर बरेच मिटते. सुमारे ३७ हजार स्वयंसेवकांच्या २०१९ मधील पाहणीत फोनवरचा सरासरी वेग मिनिटाला ३६ शब्दांच्या आसपास आढळला. पण त्यात बहुतेकांचे लेखन टॅपचे असल्याने दोन पद्धतींच्या तुलनेसाठी हा आकडा जपूनच वापरावा.

कोशात नसलेला शब्द स्वाइपने पहिल्यांदा लिहिता येत नाही. आडनावे, वाड्या-वस्त्यांची नावे, पासवर्ड, यूपीआय आयडी ही टॅपचीच कामे. आडनाव एकदा टॅप करून फोनच्या शब्दकोशात साठले की पुढे त्याचीही रेघ ओळखली जाते.