विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि फोटो : आमच्या शाळेच्या नव्या धोरणाची पार्श्वभूमी

आमच्या नाशिकच्या शाळेने विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि फोटोंसाठी जे धोरण केलं आहे, त्यात फोटोंचे नियम सगळ्यात कडक आहेत. काही पालकांना हे उलटं वाटलं. जन्मतारीख, जात, आधार यांपेक्षा गॅदरिंगच्या फोटोची काळजी जास्त का? उत्तर या दोन्ही गोष्टी शाळेत कशा आल्या त्यात आहे.

नोंदींना पहिल्यापासून पहारा होता. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचा दाखल क्रमांक, आईचं नाव, जात, अंकी-अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा हे सगळं एका ओळीत असतं. त्यात खाडाखोड चालत नाही, आणि जन्मतारखेची दुरुस्ती करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. रजिस्टर कायम जपायचं असतं, म्हणूनच २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना जुन्या शाळांची रजिस्टरं पुन्हा उघडली गेली. उतारा हवा असेल तर अर्ज करावा लागतो, आणि कोणी कशासाठी नेला हे जावक नोंदीवरून कळतं.

२०१५ मध्ये राज्य सरकारचं ‘सरल’ पोर्टल आलं आणि हीच माहिती ऑनलाइन भरायची झाली. पोर्टलला लॉगिन होतं, पण पोर्टलपर्यंत जाणारी एक्सेल फाइल मोकळीच राहिली. नेट चालत नाही म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन सायबर कॅफेत बसलेले शिक्षक आपण सगळ्यांनी पाहिलेत. काम झालं की पोर्टल बंद व्हायचं, पण वर्गातल्या सगळ्या मुलांचे आधार क्रमांक असलेली फाइल त्या कॉम्प्युटरच्या ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहायची. म्हणून नव्या धोरणात अशी फाइल फक्त शाळेच्या कॉम्प्युटरवर, पासवर्ड लावून ठेवायची आणि अपलोड झाल्यावर पुसायची, असं लिहिलं आहे. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची नाही, मुख्याध्यापकांनी मागितली तरी नाही.

फोटोला असा पहारा कधीच नव्हता, कारण पूर्वी त्याची गरजच नव्हती. वर्षातून एकदा फोटोग्राफर यायचा, वर्गाचा ग्रुप फोटो काढायचा, ज्याने पैसे भरले त्याला प्रत मिळायची. मग शिक्षकांच्या हातात कॅमेऱ्याचे फोन आले, आणि मार्च २०२० नंतर शाळा बंद असताना वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हाच वर्ग झाला. गृहपाठ, मार्क, वाढदिवस, फोटो सगळं तिथेच. शाळा उघडल्या, पण ती सवय तशीच राहिली.

यातून काय होतं ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, कालिदास कलामंदिरात गॅदरिंग झालं. पाचवीच्या नाचाचा फोटो शाळेच्या फेसबुक पानावर गेला, खाली मुलीचं नाव आणि तुकडी. बाजूला उभ्या मुलाच्या गळ्यात ओळखपत्र आहे, फोटो मोठा केला की त्यावरचा पत्ता आणि आईचा मोबाइल नंबर वाचता येतो. त्या मुलाची आई घरच्या मारहाणीतून बाहेर पडून, गाव सोडून सातपूरला राहायला आली आहे. तिचा पत्ता ज्याला कळू नये, त्याला तो शाळेनेच दिला. तक्रार आल्यावर फोटो काढून टाकता येतो, पण तोवर ज्यांनी तो स्वतःच्या फोनमध्ये घेतला, त्यांच्याकडून तो परत आणता येत नाही. फोटोंचे नियम कडक आहेत ते यामुळे.

कायदाही याच दिशेने सरकला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. शाळांना त्यात थोडी सूट आहे, पण ती शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता यांच्यासाठी मुलांवर लक्ष ठेवण्यापुरती. फेसबुक पानावरचा फोटो त्यात बसतो असं मला वाटत नाही. संमती नेमक्या कामासाठी हवी आणि दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी, त्यामुळे प्रवेश अर्जाच्या तळाशी असलेली ‘शाळेचे सर्व नियम मान्य’ ही सही आता पुरणार नाही.

म्हणून संमतीपत्र मराठीत, वेगळ्या कागदावर आणि दरवर्षी नवं घ्यायचं ठरलं. त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत : वर्गाच्या पालकांना फोटो दाखवायचा का, आणि सगळ्यांसाठी ऑनलाइन टाकायचा का. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येतं. कागद परत आला नाही तर दोन्हींचं उत्तर नाही धरायचं, आणि नाही म्हटलं म्हणून मुलाला नाचातून काढायचं नाही. पालकांसाठीचा अल्बम ‘लिंक असलेला कोणीही’ या सेटिंगवर न ठेवता नोंदवलेल्या ईमेलनाच उघडायचा. ऑनलाइन फोटोखाली नाव-तुकडी नाही, आणि स्टेजवर जाण्याआधी ओळखपत्रं वर्गशिक्षकांकडे. मार्कांची यादी ग्रुपवर टाकणंही बंद, निकाल ज्याच्या त्याच्या पालकांच्या हातात.

पानावरचे जुने अल्बम अजून बाकी आहेत. २०२० पासूनचे सगळे आधी लपवले आहेत, आणि ज्या मुलांच्या पालकांचा होकार मिळेल तेवढेच फोटो पुन्हा दिसतील.