पाच वर्षं चालत राहिलेली की

टी-कनेक्ट ही टोयोटाची गाडीमालकांसाठीची ऑनलाइन सेवा. तिच्या वेबसाइटचं काम करणाऱ्या कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये सोर्स कोडचा काही भाग गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर चढवला. रिपॉझिटरी, म्हणजे तिथला कोडचा साठा, चुकून सार्वजनिक राहिली, आणि कोडमध्येच डेटा सर्व्हर उघडणारी अ‍ॅक्सेस की लिहिलेली होती. हे लक्षात आलं सप्टेंबर २०२२ मध्ये. १५ तारखेला रिपॉझिटरी बंद केली, १७ तारखेला की बदलली. तोवर २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक बाहेरच्या कुणालाही काढून घेता आले असते. कुणी काढले का, हे तपासातून ठामपणे सांगता आलं नाही.

की कोडमध्ये राहून जाणं कुठेही घडू शकतं. मला जास्त खटकतं ते हे की, तीच की जवळजवळ पाच वर्षं चालत होती.

अशी ओळ नंतर पुसून भागत नाही. गिटहबमागचं गिट हे साधन कोडची प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवतं. की किंवा पासवर्ड काढून टाकला तरी एका आज्ञेत तो पुन्हा समोर येतो:

```
git log --all -p -S 'DB_PASSWORD'
```

इतिहास साफ करता येतो, पण ज्यांनी आधीच प्रत उतरवून घेतली त्यांच्याकडे तो तसाच राहतो. म्हणून की फुटली की आधी ती रद्द करायची, साफसफाई नंतर.

फुटलेली की किंवा पासवर्ड वर्षानुवर्षं चालू नये म्हणून तो ठरावीक दिवसांनी आपोआप बदलायचा, तर तो कोडबाहेर हवा. तो एका सुरक्षित तिजोरी-सेवेत ठेवतात, कोडमध्ये फक्त त्याचं नाव असतं. पण चालू प्रोग्रॅमचा पासवर्ड मध्येच बदलला तर प्रोग्रॅम बंद पडेल. यासाठी डेटाबेसमध्ये सारखेच अधिकार असलेली दोन खाती करतात: `app_a` आणि `app_b`.

समजा, प्रोग्रॅम `app_a` वापरतोय. ठरलेल्या दिवशी बदल करणारी सेवा `app_b` ला नवा पासवर्ड देते, स्वतः त्याने लॉग-इन करून एक साधी क्वेरी चालवून बघते, आणि ते जमलं तरच तिजोरीत `app_b` हे चालू खातं म्हणून नोंदवते. `app_a` ला तेव्हा हात लावत नाही, त्यामुळे कुणाचंच काम अडत नाही. पुढच्या खेपेला `app_a` ची पाळी. दर ३० दिवसांनी बदल केला, तर फुटलेला पासवर्ड जास्तीत जास्त ६० दिवस चालतो.

गडबड होते ती सुरू होताना एकदाच पासवर्ड वाचून तोच धरून बसणाऱ्या प्रोग्रॅममुळे. बहुतेक डेटाबेसमध्ये उघडी जोडणी पासवर्ड बदलल्यावरही चालू राहते, त्यामुळे बिघाड लगेच दिसत नाही. जोडणी तुटून नव्याने जोडताना लॉग-इन नाकारलं जातं. लॉग-इन नाकारलं तर तिजोरीतून पासवर्ड पुन्हा वाचायचा, एवढी सोय कोडमध्ये हवीच. शिवाय `app_b` चा पासवर्ड बदलण्याआधी त्या खात्याने अजून कोण जोडलेलं आहे, हे पाहावं. कुणीतरी कधीकाळी लावून ठेवलेली, सगळे विसरलेली रात्रीची स्क्रिप्ट बहुधा तिथेच सापडते.