अर्धवट जॉब: खर्चाने धरायचा की टक्क्याने?

महिनाअखेरीला प्रेसमध्ये दोन गोष्टींची सरमिसळ होते: जॉबवर आजवर झालेला खर्च आणि जॉब किती टक्के झाला याचा अंदाज. वर्क इन प्रोग्रेसमध्ये फक्त पहिली गोष्ट जाते. माल दिल्यावरच विक्री नोंदवणाऱ्या प्रेसबद्दल मी बोलतोय.

समजा, दहा फर्म्यांचं पुस्तक आहे आणि कोटेशन 1,00,000 चं. महिन्याच्या शेवटी सहा फर्मे छापून झालेत, बाइंडिंगला हात लागलेला नाही. "साठ टक्के काम झालं, मग साठ हजार धरा" असं कुणीतरी म्हणतं आणि तेच वहीत जातं. मला हे अजिबात मान्य नाही.

जॉब कार्ड उघडा. दहाही फर्म्यांचा कागद कापून मशीनपाशी गेलाय: 32,000. सगळ्या प्लेट झाल्या: 6,000. मशीन 10 तास चाललं, ताशी 800 दराने 8,000. या दरात ऑपरेटरची मजुरी, वीज, घसारा सगळं आलं. बेरीज 46,000, आणि हाच आकडा धरायचा. वरचे 14,000 म्हणजे माल देण्याआधीच दाखवलेला नफा. उरलेल्या छपाईला आणि बाइंडिंगला 30,000 लागले, तर खरा नफा 24,000. टक्केवाल्याच्या वहीत मात्र 14,000 या महिन्यात दिसतात आणि डिलिव्हरीच्या महिन्यात उरतात 10,000. मग मालक विचारतो, एवढं मोठं काम गेलं तरी कमाई कुठे गेली?

"बरं, कोटेशन सोडा, अंदाजित खर्चाचे साठ टक्के धरा" हेही चालत नाही. कागद आणि प्लेट सुरुवातीलाच शंभर टक्के लागतात, मशीनचे तास हळूहळू. एकच टक्का दोन्हींना लावता येत नाही. एकसारखा माल अखंड बनवणाऱ्या कारखान्यात प्रत्येक नगाचं कार्ड नसतं, म्हणून तिथे टक्के काढतात, आणि तेही कच्च्या मालाचे वेगळे, प्रक्रियेच्या खर्चाचे वेगळे. तुमच्याकडे प्रत्येक जॉबचं कार्ड आहे!

फक्त ते कार्ड पूर्ण हवं. शेवटच्या पाळीची टाइमशीट दुसऱ्या दिवशी ऑफिसात येते आणि तेवढे तास पुढच्या महिन्यात पडतात; त्या चढवल्याशिवाय बेरीज करू नका. मेक-रेडीला नेहमी जातो तेवढा कागद जॉबचाच खर्च. पण चुकीच्या प्लेटमुळे फर्मा पुन्हा छापावा लागला, तर तो कागद आणि ते तास त्याच महिन्याच्या तोट्यात टाका. कार्डावर ठेवलेत तर तो तोटा शिल्लक मालाच्या किमतीत दडून बसतो.

ग्राहकाचा ॲडव्हान्स यातून वजा करू नका. ते देणं आहे. बांधून तयार, पण न उचललेली पुस्तकं तयार मालात जातात. आणि उरलेला खर्च धरून जॉब कोटेशनच्या वर जाणार असेल, तर तेवढी रक्कम आत्ताच कमी करा. 30,000 ऐवजी 60,000 लागणार असतील, तर हा जॉब 46,000 ला नाही, 40,000 लाच धरायचा.