विटांवरची खाट आणि पाठ थोपटणं: छातीच्या फिजिओथेरपीची पार्श्वभूमी

खाटेच्या पायथ्याखाली विटा लावायच्या, रुग्णाला डोकं खाली येईल असं झोपवायचं आणि पाठ थोपटायची, हा ओल्या खोकल्यावरचा सल्ला आजही कानावर येतो. त्यातला विटांचा भाग आता बहुतेकांनी सोडायला हवा. थोपटणं ठेवता येतं, पण त्याची जागा दुसरी आहे. हे का, ते समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

1898 मध्ये जर्मनीत डॉक्टर क्विंके आणि 1901 मध्ये लंडनमध्ये डॉक्टर विल्यम एवर्ट यांनी फुगलेल्या, कफ साठणाऱ्या श्वासनलिकांसाठी आसनोपचार मांडला. त्या काळी प्रतिजैविकं नव्हती. पू झालेला कफ बाहेर काढणं हाच उपाय होता. विचार सरळ होता: कफ ज्या भागात साठला, तो भाग वर केला की तो मुख्य नळीकडे घसरेल. 1934 मध्ये नेल्सन यांनी श्वासनलिकांच्या रचनेवरून प्रत्येक भागासाठी वेगळी आसनं सांगितली. फुफ्फुसाचे खालचे भाग रिकामे करण्यासाठी खाटेचा पायथा सुमारे 45 सेंटिमीटर उचलायचा, ही पाठ्यपुस्तकातली पद्धत त्याच विचारातून आली. पुढे छातीच्या शस्त्रक्रियांनंतर थोपटणं आणि कंप देणंही त्यात मिसळलं.

1979 मध्ये लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टांनी 'हफ', म्हणजे तोंड उघडं ठेवून जोरानं पण न खोकता सोडलेला श्वास, प्रभावी असल्याचं दाखवलं. मग 1997 मध्ये मेलबर्नमधल्या अभ्यासात दिसलं की सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे कफ घट्ट-चिकट करणारा जन्मजात आजार, असलेल्या तान्ह्या बाळांना डोकं खाली करून ठेवलं, तर पोटातलं अन्न-आम्ल अन्ननलिकेत वर येणं वाढतं. तेव्हापासून सपाट किंवा डोकं थोडं उंच ठेवण्याकडे कल गेला. गुरुत्वाकर्षणाचं काम हवेवर सोपवलं गेलं, असं म्हणता येईल.

खान्देशात हे ज्याला सर्वाधिक उपयोगी पडतं, तो जुना क्षयरोगी. समजा, यावल तालुक्यातला 45 वर्षांचा शेतमजूर. क्षय बरा होऊन दहा वर्षं झाली, पण उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या नळ्या कायमच्या सैल झाल्या आहेत. रोज सकाळी वाटीभर पिवळा कफ पडतो. त्यानं उठल्यावर कोमट पाणी प्यावं आणि न्याहारीआधीच सुरुवात करावी. जेवण झालं असेल तर दीड-दोन तास थांबावं. डाव्या कुशीवर सपाट झोपावं, म्हणजे उजवी बाजू वर येते. कमरेखाली उशी घेतली तरी चालते, विटा नकोत.

पातळ सुती कपड्यावरून घरच्या माणसानं ओंजळीसारखा पोकळ हात करून, मनगट सैल ठेवून, तीन ते पाच मिनिटं थोपटावं. आवाज पोकळ, धबधब असा यायला हवा. चटचट वाजलं किंवा कातडी लाल झाली, तर हात सपाट पडतोय. पाठीचा कणा, छातीचं हाड, स्तन, पोट आणि बरगड्यांखालचा मूत्रपिंडाचा भाग टाळायचा. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक तीन सेकंद रोखलेला. थोडा वेळ शांत श्वास. त्यानंतर मध्यम श्वास घेऊन, आरशावर वाफ सोडावी तसा 'हा' असा एक-दोन वेळा हफ. कफ गळ्याशी आला की खोकून काढावा. हा फेरा दोन-तीनदा, एकूण पंधरा-वीस मिनिटं पुरे.

चूक बहुधा हफमध्ये होते. पूर्ण जोर लावला की सैल नळ्या दाबल्या जातात, कफ अडकतो आणि छातीत शिट्टी वाजते. तेव्हा जोर कमी करायचा, शांत श्वासाचा वेळ वाढवायचा.

लहान मुलांत हात बदलतो: बाळासाठी तीन बोटांचा छोटा तंबू, मांडीवर किंवा खांद्याशी टेकवून, हलकेच. चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला कागदाचा बोळा फुंकून 'हा' शिकवता येतो. पण दोन वर्षांखालच्या बाळाच्या साध्या सर्दी-खोकल्यात किंवा ब्रॉंकिओलायटिसमध्ये, म्हणजे बारीक श्वासनलिकांना सूज येते तेव्हा, थोपटण्यानं फायदा दिसलेला नाही. बाळ दमतं आणि दूध सोडतं. तिथं नाक मोकळं करणं आणि थोडं थोडं दूध पाजणं महत्त्वाचं.

थुंकीत रक्त, बरगडीचं दुखणं किंवा फ्रॅक्चर, हाडं ठिसूळ, रक्त पातळ करणारं औषध, दम्याची जोराची धाप: यात थोपटणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. मुलाचे शांत असतानाचे श्वास एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखाली 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त असतील, किंवा श्वासागणिक बरगड्यांखाली खळी पडत असेल, तर त्या वेळी पाठ थोपटत बसायचं नाही, बाळाला थेट दवाखान्यात न्यायचं.