मद्य व तंबाखू खरेदीचे किमान वय (भारतातील राज्यनिहाय फरक)

भारतात दारू विकत घेण्यासाठी देशभर लागू असे एकच किमान वय नाही. मद्य हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो, त्यामुळे वयाची अट प्रत्येक राज्य आपल्या उत्पादन शुल्क किंवा दारूबंदी कायद्यातून ठरवते. गोवा आणि राजस्थानात ती १८ वर्षे आहे, उत्तर प्रदेशात २१, केरळात २३, तर पंजाबात २५. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी असल्याने तिथे वयाचा प्रश्न बहुतांशी उद्भवतच नाही.

तंबाखूचे तसे नाही. २००३ च्या केंद्रीय कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला सिगारेट वा अन्य तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास देशभर बंदी आहे. हे वय अनेक वर्षे सगळीकडे सारखेच होते. मात्र कर्नाटकाने आपल्यापुरती या कायद्यात दुरुस्ती करून ते २१ केले. राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर २०२५ मध्ये ती दुरुस्ती लागू झाली. केंद्रीय कायद्याशी विसंगत असलेला राज्याचा कायदा त्या राज्यात टिकतो, तो अशा संमतीमुळेच. याच दुरुस्तीने कर्नाटकात सुट्या सिगारेटची विक्रीही बंद झाली.

हा फरक प्रवासात कसा आडवा येतो, हे कोल्हापूर–बेळगाव–गोवा या रस्त्यावर चांगले दिसते. समजा, प्रवासी १९ वर्षांचा आहे. कोल्हापुरात त्याला सिगारेट विकणे कायदेशीर आहे. बिअर मात्र मिळणार नाही, कारण महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, तर व्हिस्की, रम यांसारख्या कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. निपाणीच्या अलीकडे कर्नाटकाची हद्द लागली की सिगारेटही बंद. चोर्ला घाट उतरून गोव्यात पोहोचल्यावर त्याला दोन्ही वस्तू विकत घेता येतात. माणूस तोच, दिवसही तोच, पण काही तासांत तीन वेगळे नियम लागू झाले. लागू होतो तो खरेदी जिथे होते तिथला कायदा. ग्राहक मूळचा कुठला, याला महत्त्व नाही. म्हणून गोव्यातल्या २० वर्षांच्या रहिवाशाला आपल्या घराजवळ दारू मिळत असली, तरी महाराष्ट्रात त्याचा उपयोग नाही.

महाराष्ट्रात वयाच्या जोडीला परवानाही लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य विकत घेणे, बाळगणे आणि पिणे या सर्वांसाठी परवाना हवा. तो एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन असतो आणि एक दिवसाचा परवाना दुकानातही मिळतो. वय पूर्ण आहे म्हणून काम भागले, असे बाहेरून आलेल्या प्रवाशाला वाटते. इथे ते पुरेसे नसते.

वय पडताळताना सर्वाधिक फसगत होते ती इंटरनेटवरच्या तयार तक्त्यांमुळे. कर्नाटकाच्या मद्यवयापुढे काही तक्त्यांत १८ असते, तर काहींत २१. दोन्ही आकड्यांना आधार आहे: तिथल्या उत्पादन शुल्क कायद्याच्या कलमात १८ आहे, तर परवान्यांच्या १९६७ च्या नियमांत २१. दुकानदाराचा परवाना त्या नियमांनी बांधलेला असल्याने काउंटरवर २१ हेच वय धरून चालावे. दिल्लीत गोष्ट वेगळी घडली. २०२१ च्या मद्य धोरणाच्या वेळी वय २५ वरून २१ झाल्याच्या बातम्या सर्वत्र आल्या, पण कायद्यातले २५ बदलले नव्हते, आणि पुढच्याच वर्षी ते धोरणही मागे घेतले गेले. म्हणून बातमीवर न थांबता त्या राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर मूळ कायदा, त्याखालचे नियम आणि अलीकडची दुरुस्ती, तिन्ही पाहावीत. हरियाणाने २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करूनच वय २५ वरून २१ वर आणले. तिथे २५ दाखवणारा तक्ता जुना आहे, हे लगेच ओळखता येते.

पुराव्यासाठी संपूर्ण जन्मतारीख असलेले ओळखपत्र लागते. काही जुन्या आधार कार्डांवर फक्त जन्मवर्ष छापलेले आहे. वय नुकतेच पूर्ण झालेल्या ग्राहकाचे त्यावरून ठरवता येत नाही. वाहन परवाना किंवा पासपोर्ट अशा वेळी उपयोगी पडतो. तंबाखूच्या बाबतीत ग्राहक अल्पवयीन नाही याची खात्री करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते, त्यामुळे त्याने ओळखपत्र मागणे हा अपमान नव्हे. प्रत्यक्षात पानटपरीवर ते क्वचितच मागितले जाते, हे खेदाने नोंदवावे लागते. १८ वर्षांखालील मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ते देशभर लागू आहे.

खरेदी कायदेशीर झाली म्हणजे ती बाटली दुसऱ्या राज्यात नेणेही कायदेशीर ठरते, असे नाही. गोव्यात रीतसर घेतलेली दारू आवश्यक परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणली, तर सीमेवरच्या तपासणीत ती जप्त होऊन गुन्हा दाखल होऊ शकतो, मग ग्राहकाचे वय कितीही असो.