पाचच्या बेसमधून सातच्या बेसमध्ये, व्हाया दहा

पाचच्या बेसमधला ३१४२ सातच्या बेसमध्ये कसा लिहायचा? बरेच जण एकेक अंक उचलून बदलायला जातात आणि तिथेच फसतात. बायनरीतून आठच्या बेसमध्ये जाताना ते चालतं, तीन-तीन अंकांचे गट पाडले की झालं, कारण आठ म्हणजे दोनाचा घन. पाच आणि सातचं असलं काही नातं नाही, त्यामुळे अख्खा नंबर एकदमच हाताळावा लागतो.

मधे दहाचा बेस घ्यायचा तो निव्वळ आपल्या सोयीसाठी. पाचच्या बेसमध्ये राहूनच सातने भागत बसलात (तिथे सात १२ असा लिहितात) तरी उत्तर येतं, पण आपले पाठ असलेले पाढे सगळे दहाच्या बेसमधले ना!

तर आधी दहात आणू. पाचच्या बेसमध्ये उजवीकडून घरं १, ५, २५, १२५ अशी, पण एवढे घात काढायचीही गरज नाही, डावीकडून सुरू करा आणि दर वेळी पाचने गुणून पुढचा अंक मिळवत चला. ३ घेतला, पाचपट १५ आणि १ मिळून १६, त्याची पाचपट ८० आणि ४ म्हणजे ८४, त्याची पाचपट ४२० आणि २, झाले ४२२. वाटेत ५ किंवा त्याहून मोठा अंक भेटला तर मुळात नंबरच चुकीचा उतरवलाय.

आता ४२२ चे सात-सातचे गठ्ठे बांधा. ६० गठ्ठे होतात आणि २ सुटे उरतात, हे सुटे म्हणजेच उत्तरातला सगळ्यात उजवीकडचा अंक. ६० गठ्ठ्यांचे परत सात-सात केले की ८ मोठे गठ्ठे आणि बाकी ४, मग ८ ला सातने भागून १, बाकी १, आणि शेवटी त्या १ ला भागून शून्य, बाकी १. बाक्या आल्या २, ४, १, १ आणि त्या खालून वर वाचायच्या, कारण सुटे आधी हाती लागले. उत्तर ११४२.

चेक करायची एक झटपट युक्ती आहे. बेस विषम असेल तर त्याचे सगळे घातही विषम, म्हणून संख्या सम की विषम हे अंकांच्या बेरजेवरूनच कळतं. इथे ३१४२ ची बेरीज १०, ११४२ ची ८, दोन्ही सम आणि ४२२ पण सम. अर्थात बेरीज सम-विषम जुळली म्हणजे उत्तर बरोबरच असं नाही, आणि बाक्या उलट्या वाचून २४११ लिहिलंत तर ही युक्ती हमखास गप्प बसणार, बेरीज तीच की! तिथे पहिला अंक बघा. सातचा घन ३४३, त्याची दुप्पट ६८६, ती ४२२ च्या पुढे गेली, म्हणजे सुरुवात २ ने होऊच शकत नाही.